आधी आंबणं, मग आम्ल

पहिल्या वर्षाला शरीररचनेच्या तासाला गाईच्या जठराचे चार कप्पे एका दुपारी उरकतात. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत असतं आणि टेबलावर राखाडी रंगाचं काहीतरी निपचित पडलेलं असतं. शिकवणारे सर त्यावर चिमटा टेकवत नावं सांगत जातात: रुमेन, रेटिक्युलम, ओमेसम, अबोमेसम. गोठ्यातली मराठी नावं जास्त बोलकी आहेत: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. विद्यार्थी नावं लिहून घेतात, कोणता कप्पा कितव्या बरगडीसमोर येतो ते पाठ करतात आणि तोंडी परीक्षेत धडाधड सांगतात. मात्र पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी आजारी गाईपुढे उभं राहिल्यावर या पाठांतराचं करायचं काय, ते त्यांना कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे चार कप्पे जागेने लक्षात ठेवू नका, क्रमाने ठेवा. आपल्या पोटात अन्न शिरलं की पहिली गाठ पडते ती आम्लाशी. घोड्यातही जठरातलं आम्ल आधी आणि जंतूंचं आंबवणं नंतर, मागे मोठ्या आतड्यात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांनी हा क्रम उलटा केला. आधी जंतूंना जेवू घालायचं, त्यांनी आंबवलेल्याचा रस प्यायचा आणि शेवटी त्या जंतूंनाच आम्लात घालून पचवायचं. गाईच्या पोटातल्या सगळ्या विचित्र गोष्टी, म्हणजे तिथली जाळी, पडदे, रवंथ, लाळेचे हंडे आणि ढेकर, हा क्रम मोडू नये म्हणून आहेत. क्रम मोडला की काय होतं ते पुढे एका गाईच्या गोष्टीत सांगतो. आधी धडधाकट गाय पाहू.

गाईच्या डाव्या बाजूला उभे राहा. शेवटची बरगडी, कमरेच्या मणक्यांची आडवी टोकं आणि मागे चौकाचं हाड यांच्यामध्ये जो खळगा दिसतो ती भकाळी. तिथे मूठ दाबून धरा. त्वचा आणि पोटाच्या स्नायूंच्या पलीकडे थेट कोटीपोट लागतं, कारण डाव्या बाजूला दुसऱ्या कशाला फारशी जागाच उरलेली नाही. समोर छातीच्या पडद्यापासून मागे कमरेच्या पोकळीपर्यंत डावा जवळजवळ सगळा भाग त्यानेच व्यापलेला असतो. मध्यम बांध्याच्या गाईच्या जठरात सगळं मिळून ११५ ते १५० लिटर मावतं आणि त्यातला सुमारे ८० टक्के वाटा एकट्या कोटीपोटाचा. आतून स्नायूंचे जाड पट्टे त्याला वरच्या आणि खालच्या पिशवीत विभागतात. बाहेरून पाहताना याच पट्ट्यांच्या जागी खाचा दिसतात. परीक्षेत या खाचांची नावं विचारतात. तुम्ही मात्र हे लक्षात ठेवा की पट्टे आखडले की आतला माल वर-खाली, पुढे-मागे ढवळला जातो.

कोटीपोटाच्या आतल्या अस्तरात पाचकरसाची एकही ग्रंथी नाही. आपल्या त्वचेसारखं थरांचं अस्तर आणि त्यावर दाटीवाटीने उभे असलेले जिभेच्या आकाराचे अंकुर, एवढंच. घरी बोकडाची वजडी साफ केली असेल, तर हा खरखरीत भाग आणि त्याला लागून असलेला जाळीचा भाग तुमच्या बोटांना आधीच माहीत आहे. अंकुर शोषून घेण्याचं काम करतात. पचवण्याचं काम तिथे राहणाऱ्यांचं. एका मिलिलिटर रसात हजार कोटीच्या वर जीवाणू, लाखांत मोजावे असे प्रोटोझोआ, शिवाय कडब्याच्या काडीत मुळं घुसवणाऱ्या बुरश्या. पॅरिसमध्ये ग्रुबी आणि डेलाफों या दोघांनी १८४३ मध्ये या प्रोटोझोआंचं वर्णन केलं. जीवाणूंना मात्र त्यानंतर शंभरेक वर्षं थांबावं लागलं, कारण ते हवेत मरतात. अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी प्राणवायू काढून टाकलेल्या नळ्यांत त्यांना वाढवायची रीत बसवली, तेव्हा कुठे ते हाती लागले.

या जागेची कल्पना गोबरगॅसच्या टाकीवरून चांगली येते. तिथेही हवा नाही, ऊब आहे, ओला पालापाचोळा आहे आणि वायू आहे. पण फरक जिथे पडतो तिथेच गाईचं सगळं गणित आहे. टाकीत शेण महिना-सव्वा महिना मुरतं. तेवढ्या वेळात आंबण्यातून तयार झालेल्या असेटिक आम्लाचंही मिथेन करणारे जंतू वाढतात, आणि ते अगदी सावकाश वाढतात. कोटीपोटातला चारा एक ते तीन दिवसांत पुढे सरकतो आणि पाणी तर त्याहूनही लवकर. त्या सावकाश वाढणाऱ्यांना तिथे बस्तान बसवायला वेळच मिळत नाही, ते वाहून जातात. मग असेटिक आम्ल तसंच शिल्लक राहतं आणि ते गाईला मिळतं. कोटीपोटातही मिथेन होतो, पण तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून. तो ढेकरेवाटे बाहेर जातो आणि ते गाईचं नुकसानच. टाकीतून आपल्याला वायू हवा असतो, गाईला आम्लं हवी असतात. दोघांत एका अर्थी फक्त वेळेचा फरक आहे.

ही आम्लं तीन: असेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. वैरणीवरच्या गाईत असेटिक सगळ्यांत जास्त, साधारण दोन तृतीयांश. त्यातून दुधातली चरबी बनते. प्रोपिओनिक यकृतात जातं आणि तिथे त्याचं ग्लुकोज होतं. हे ऐकून बरेच जण चमकतात, पण गाईच्या आतड्यात ग्लुकोज जवळपास पोचतच नाही. जंतू ते आधीच संपवतात. दुधातल्या साखरेसाठी लागणारं ग्लुकोज तिला यकृतात नव्याने घडवावं लागतं. तिला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी ६० ते ७० टक्के ऊर्जा या तीन आम्लांतून येते. म्हणजे गाय कडबा खाते हे अर्धंच खरं. कडबा जंतू खातात.

आता प्रश्न असा की इतकी आम्लं सतत तयार होत असताना कोटीपोट आंबट का होत नाही? सामू सहा ते सातच्या दरम्यान कसा टिकतो? एक तर अंकुर आम्लं शोषून घेत राहतात. दुसरं म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला १०० ते १५० लिटर लाळ गिळते. या लाळेत सोडियम बायकार्बोनेट आणि फॉस्फेट असतात. आणि लाळ सुटते ती चघळताना. म्हणून रवंथ ही सुस्त जनावराची करमणूक नव्हे, तो सामू राखण्याचा मुख्य उपाय आहे. गाय दिवसातले सहा ते आठ तास त्यात घालवते. जाळीपोट नेहमीच्या आकुंचनाआधी एक जास्तीचं आकुंचन घेतं, गाय श्वासनलिका बंद ठेवून छाती फुगवते, छातीतला दाब उतरतो आणि वाळक्या चाऱ्याचा ओला घास अन्ननलिकेतून वर खेचला जातो. मानेच्या डाव्या बाजूला नीट पाहिलंत तर तो वर जाताना दिसतो. तोंडात आल्यावर गाय आधी पाणी पिळून गिळते, मग मिनिटभर तो घास चघळते, गिळते आणि पुढचा वर आणते.

रवंथ सुरू होतो तो काडीच्या टोचण्याने. कोटीपोटात वर वायू, मध्ये लांब तंतूंचा तरंगता जाड थर आणि खाली पातळ रस अशी मांडणी असते. हा मधला थर जाळीपोटाच्या तोंडाशी घासला जातो तेव्हा रवंथाची खूण मिळते. कडबाकुट्टीत वैरण फार बारीक केली तर गव्हाणीत उष्टावळ राहत नाही, म्हणून मालक खूश असतो. पण थर नीट धरत नाही, रवंथ कमी होतो, लाळ कमी होते. माझ्या मते आपल्याकडे कुट्टी यंत्राचं जितकं कौतुक होतं तितकं त्याच्या पात्यांमधल्या अंतराचं होत नाही.

जाळीपोट कोटीपोटाच्या पुढे, सहाव्या ते आठव्या बरगडीसमोर छातीच्या पडद्याला चिकटून बसलेलं असतं. दोघांमध्ये नुसती एक घडी आहे, दार नाही, म्हणून कामाच्या दृष्टीने ते एकच. जाळीपोटाचं काम निवडण्याचं. ते आखडलं की हलकी, लांब काडी मागे कोटीपोटात फेकली जाते आणि भिजून जड झालेला बारीक कण तळाशी राहतो. पडदेपोटाकडे जाणाऱ्या भोकातून साधारण दोन-चार मिलिमीटरपेक्षा मोठं सहसा जात नाही. त्यामुळे गाईला हवं असो-नसो, मोठ्या काडीला कोटीपोटात थांबावंच लागतं, म्हणजे जंतूंना हवा तेवढा वेळ मिळतो. याच निवडीची वाईट बाजू म्हणजे खिळा किंवा तारेचा तुकडाही जड म्हणून जाळीतच पडतो. दर आकुंचनाला तो भिंतीत रुततो, आणि पडद्यापलीकडे दोन-चार बोटांवर हृदय आहे. त्या आजाराविषयी पुन्हा कधीतरी.

पडदेपोट उजव्या बाजूला. आत पुस्तकाच्या पानांसारखे शंभरेक पडदे, आणि त्यांच्यामध्ये चाऱ्याचा कोरडा भुगा दाबलेला. विद्यार्थ्यांना हा कप्पा बिनकामाचा वाटतो. क्रमाने पाहिलं की त्याची गरज कळते. कोटीपोटातून येणारा रस पातळ असतो आणि त्यात लाळेचं बायकार्बोनेट असतं. तो तसाच पुढच्या कप्प्यात ओतला, तर तिथलं आम्ल त्यातच विझून जाईल. पडदेपोट मधल्या वाटेवर पाणी आणि बायकार्बोनेट शोषून घेतं. आंबण्याचा प्रदेश संपतो आणि आम्लाचा सुरू होतो, त्या सीमेवरचं हे ठाणं.

चौथा कप्पा खरं पोट. तो उजवीकडे पोटाच्या तळाशी असतो आणि आपल्या जठरासारखा असतो. इथे पहिल्यांदा ग्रंथी दिसतात, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन दिसतं, सामू दोन-तीनपर्यंत उतरतो. आपलं जठर जेवणाच्या वेळी जागं होतं. गाईचं खरं पोट दिवसरात्र स्रवत राहतं, कारण वरून माल सतत झिरपत असतो. त्या मालाबरोबर कोटीपोटातले जंतू कोट्यवधींनी येतात आणि इथे मरतात. जीवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम हे विकर आपल्या अश्रूंत असतं. गाईने त्याचं आम्लात टिकणारं रूप थेट या कप्प्यात आणून ठेवलं आहे. लहान आतड्याला मिळणाऱ्या प्रथिनांतला मोठा वाटा, बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त, या मेलेल्या जंतूंचा असतो. निकृष्ट कडब्यावर गाय जगते ती अशी. तिने जंतू पाळले आणि तेच तिची डाळ झाले.

वासरात हे सगळं अजून सुरू झालेलं नसतं. जन्मलेल्या वासराचं खरं पोट चारही कप्प्यांत सर्वांत मोठं असतं आणि कोटीपोट म्हणजे एक चुरगळलेली पिशवी. दूध चोखताना अन्ननलिकेच्या टोकाची खाच दोन्ही ओठ मिटून नळी बनवते आणि दूध कोटीपोट चुकवून पुढे जातं. दुधाला जंतूंची गरज नाही, उलट ते कोटीपोटात सांडलं तर तिथे नासतं. वासराला वैरण आणि खुराक मिळू लागल्यावर तीन-चार महिन्यांत प्रमाण उलटतं. गंमत अशी की पोट मोठं होतं ते वैरणीने, पण आतले अंकुर वाढतात ते मुख्यतः खुराकातून होणाऱ्या ब्युटिरिक आणि प्रोपिओनिक आम्लांमुळे. नुसत्या वैरणीवरचं वासरू पोटाने सुटतं, अंकुर मात्र खुजेच राहतात.

आता ती गाय. होल्स्टीन संकरित, चारशे किलोच्या आसपास, दुसऱ्या वेताची. रात्री दावं तुटलं, शेजारच्या खोलीत मक्याच्या भरड्याचं पोतं तोंड उघडं ठेवलेलं होतं आणि सकाळी ते अर्ध्याहून जास्त रिकामं दिसलं. म्हणजे वीस किलोच्या वर. मालक सकाळी फार काळजीत नव्हते. "पोट भरलंय म्हणून वैरणीला तोंड लावत नसंल," असं त्यांना वाटलं. दुपारी गाय अडखळत चालू लागली, तेव्हा मला बोलावलं. मालकांच्या आई गोठ्याच्या दारात बसल्या होत्या. त्यांनी मला सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे शेणाला आंबूस वास येतोय. निदान जवळपास तिथेच झालं होतं.

भरडा पोटात गेल्यावर काय घडत गेलं ते तासागणिक पाहू. कडब्यातला सेल्युलोज जंतूंना दिवसदिवस पुरतो, मक्याचं पिष्ट तासाभरात हाती लागतं, आणि भरडलेला दाणा अख्ख्या दाण्याहून कितीतरी लवकर. पहिल्या काही तासांत सगळेच जंतू मेजवानी झोडतात. नेहमीचीच आम्लं तयार होतात, पण शोषली जाण्याच्या वेगाहून जास्त. सामू सहाखाली आला की कडबा पचवणारे जीवाणू थंडावतात. साडेपाचच्या सुमारास स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा एरवी कोपऱ्यात राहणारा जीवाणू पुढे येतो. तो अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतो आणि अशा वेळी तो प्रामुख्याने लॅक्टिक आम्ल बनवतो. हे आम्ल त्या तिघांपेक्षा दहापट तिखट. लॅक्टिक खाऊन टाकणारे जंतूही कोटीपोटात असतात, पण त्यांना या वेगाशी बरोबरी करता येत नाही. प्रोटोझोआ पिष्टाचे कण गिळून ठेवतात आणि आंबण्याला थोडा लगाम घालतात; तेही मरतात, लगाम सुटतो. सामू आणखी उतरला की स्वतः स्ट्रेप्टोकॉकससुद्धा मंदावतो आणि आम्लातच रमणारे लॅक्टोबॅसिलस त्याची जागा घेतात. म्हणजे आम्लाच्या कप्प्याआधीच एक आम्लाचा कप्पा तयार झाला, तोही ज्याच्या भिंतीला आम्लापासून संरक्षण देणारा बुळबुळीत थर नाही असा.

इथून पुढे आजार स्वतःलाच वाढवतो. आम्लाने कोटीपोटाची हालचाल थांबते. हालचाल नाही म्हणून रवंथ नाही, रवंथ नाही म्हणून लाळ नाही, लाळ नाही म्हणून सामू सावरायला काही नाही. दुसरीकडे कोटीपोटातला रस इतका घट्ट, क्षारासारखा तीव्र होतो की रक्तातलं पाणी तिकडे ओढलं जातं. गाय बाहेरून पोटाने गच्च दिसते आणि आतून वाळत जाते. लॅक्टिक आम्लाचा जो भाग डी या रूपात असतो, त्याचा निचरा तिच्या शरीरात फार हळू होतो. तो रक्तात साठतो आणि गाय दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाते.

तपासताना मी हेच दुवे शोधत होतो. डोळे आत गेलेले, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसत होती. हृदयाचे ठोके मिनिटाला ९६. साठ-सत्तर असायला हवेत. अंगाचं तापमान ३८ अंश, म्हणजे थोडं उतरलेलं. भकाळीवर स्टेथोस्कोप ठेवून दोन मिनिटं थांबलो. निरोगी गाईत तेवढ्या वेळात दोन ते चार वेळा दूरवरून गडगडत येणारी लाट ऐकू येते. इथे काहीच नाही. मूठ दाबून हलवली तर पाण्याची डुचमळ. धडधाकट कोटीपोट कणकेसारखं दबतं, ते डुचमळत नाही. मधला तरंगता थर विरघळून गेला, तेव्हाच असं होतं. शेण पातळ, पिवळट, त्यात मक्याचे कण जसेच्या तसे.

मग नळी घालून रस काढला. इथे एक गोष्ट नवख्यांनी लक्षात ठेवावी: सुरुवातीचा पेलाभर रस टाकून द्यायचा. नळी तोंडातून जाताना तिच्यात लाळ येते आणि लाळेचं बायकार्बोनेट सामू खोटा वर दाखवतं. पुढचा रस दुधाळ राखाडी, नाकाला झोंबणारा. निरोगी रस हिरवट तपकिरी असतो आणि त्याला मुरघासाकडे झुकणारा, पण वाईट न वाटणारा वास असतो. सामूच्या पट्टीचा रंग पाचच्या जवळ थांबला. एक थेंब काचेवर घेऊन लहान भिंगाखाली पाहिला. निरोगी थेंबात प्रोटोझोआंची इतकी धावपळ असते की मोजायला जीव कंटाळतो. इथे एकही हलत नव्हता.

गाय उभी होती आणि ठोके शंभरच्या आत होते, म्हणून डावी कूस उघडून कोटीपोट हाताने रिकामं करायची शस्त्रक्रिया टाळता येईल असं मी ठरवलं. ठोके एकशे दहाच्या वर, सामू पाचच्या खाली आणि गाय बसलेली असती, तर वेळ न दवडता कोटीपोट उघडावंच लागलं असतं. आम्ही जाड नळीने कोमट पाणी आत सोडायचं आणि नळीचं टोक खाली करून बाहेर काढायचं, असं पंधरा-वीस वेळा केलं. मक्याचा चोथा बादल्यांनी आला. मालकांनी मध्ये विचारलं, "डॉक्टर, घरातला खाण्याचा सोडा पाजू का?" हा उपाय गावोगावी आहे आणि कल्पना बरोबरही आहे, पण पोट आम्लाने तुडुंब भरलेलं असताना सोडा ओतला तर एकदम वायू सुटतो, आणि थांबलेलं कोटीपोट तो ढेकरेने बाहेर टाकू शकत नाही. एक संकट टाळताना पोटफुगीचं दुसरं ओढवतं. तोंडावाटे द्यायचंच तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बरं, आणि पोट चांगलं धुऊन काढलं असेल तर त्याचीही फारशी गरज लागत नाही. सोडा हवा होता तो रक्ताला. सोडियम बायकार्बोनेटचं पाच टक्क्यांचं द्रावण शिरेतून अर्ध्या तासात साधारण साडेचार लिटर दिलं, आणि त्यामागून सलाइन रात्रीपर्यंत सावकाश चालू ठेवलं. त्याबरोबर बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, कारण ते बनवणारे जंतू मेले होते आणि त्याचा तुटवडा मेंदूवर जातो. पाण्याची बादली मात्र रात्रभर दूर ठेवायला सांगितली. तहानलेली गाय भडाभडा पाणी पिते आणि थांबलेलं कोटीपोट पुन्हा तुंबतं.

दुसऱ्या दिवशी भकाळीत एक क्षीण लाट ऐकू आली. पोट धुतलं म्हणजे आम्ल गेलं, पण तिथे राहणारेही गेले. ते परत आणायला दुसऱ्या गाईचा रस लागतो. शेजारच्या गोठ्यातल्या निरोगी गाईच्या पोटातून नळीने तीन-चार लिटर रस काढला, कापडातून गाळला आणि हवा लागू न देता, गार होऊ न देता लगेच हिच्या पोटात सोडला. आठ-दहा लिटर मिळाला असता तर बरं झालं असतं. सोबत गव्हाणीत नुसता कडबा ठेवला, चांगला लांब, न कुटलेला. संध्याकाळी तिने काही काड्या ओढल्या. त्याच रात्री मालकांचा फोन आला की गाय रवंथ करायला लागली.

अशा वेळी घरचे निर्धास्त होतात, आणि इथेच जपावं लागतं. आम्लाने भाजलेल्या अस्तरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी शिरू शकते आणि बरी वाटणारी गाय पुन्हा कोसळते. हे टळलं तरी त्याच जखमांतून फ्युझोबॅक्टेरियम हा जीवाणू यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतो आणि तिथे गळवं करतो. त्यांचा पत्ता काही आठवड्यांनी, गाय उगाच खंगत गेली तर, लागतो. आणि खुरं. कोटीपोटातल्या गोंधळाने खुराच्या आतल्या नाजूक पापुद्र्यांना सूज येते, गाय काट्यावर चालल्यासारखी पाऊल टाकते. म्हणून पुढचे दहा दिवस मी तिचं तापमान, शेण आणि चाल, एवढंच विचारत राहिलो. या गाईची पुढची खुरं काही दिवस उष्ण लागत होती, मग उतरली. दूध निम्म्यावर आलं होतं ते हळूहळू वर चढलं.

मालकांचा शेवटचा प्रश्न होता, भरडा पुन्हा कधी सुरू करायचा. दूध हवं तर भरडा हवा, हे त्यांचं बरोबरच होतं. भरडा विष नव्हे, अचानकपणा विष. लॅक्टिक खाणाऱ्या जंतूंना आपली संख्या वाढवायला दोन-तीन आठवडे लागतात आणि अंकुरांना लांब व्हायला त्याहूनही जास्त, चार ते सहा आठवडे. जी गाय हळूहळू वाढवत नेल्याने रोज पाच-सहा किलो खुराक पचवते, तिलाच तो पहिल्या दिवशी एकदम दिला तर ती आजारी पडते. म्हणून मी सांगितलं की आधी दोन दिवस तिचा रवंथ मोजा. एका घासाला पन्नासच्या आसपास चावे पडत असले तर सकाळी-संध्याकाळी अर्धा-अर्धा किलोपासून सुरुवात करा, तीन-चार दिवसांनी तेवढंच वाढवा, आणि भरडा नेहमी कडबा खाऊन झाल्यावर द्या, उपाशीपोटी नाही. मालकांनी खिशातल्या छोट्या वहीत ते लिहून घेतलं आणि पोत्याच्या खोलीला कडी बसवायला सुतार कधी येईल, ते आईंना विचारायला आत गेले.